बोललेले आणि ऐकलेले : विमान नियंत्रकाच्या निरोपाचे भाषण

हवाई वाहतूक नियंत्रकाला निवृत्तीचा निरोप दोनदा मिळतो. पहिला शेवटच्या पाळीत, हेडसेट कानावर असतानाच. रेडिओच्या चॅनलवर कामापलीकडचे बोलू नये हा नियम, त्यामुळे त्यासाठी रहदारीत थोडी फट पडण्याची वाट पाहावी लागते. ती मिळाली की शेजारच्या जागेवरचा सहकारी वैमानिकांना सांगून टाकतो, की आजची ही यांची शेवटची ड्यूटी. मग पंधरावीस सेकंद वेगवेगळ्या विमानांतून अभिनंदन येते. नियंत्रक दोन वाक्यांत आभार मानतो आणि तिसऱ्या वाक्यात कुणाला तरी उजवीकडे वळायला सांगतो. दुसरा निरोप सभागृहातला असतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि चहाबरोबर सामोसे. पहिल्या रांगेत घरची मंडळी बसलेली असतात, आणि हा माणूस तीस-पस्तीस वर्षे कामावर नेमके काय करत होता हे त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते. तोवर नातेवाइकांची समजूत अशी, की विमानतळावर दिव्याच्या काठ्या हलवून विमान जागेवर लावतात ते हेच. ते काम मार्शलरचे. नियंत्रक बसतो मनोऱ्यात काचेमागे, किंवा बहुतेक वेळा खिडकी नसलेल्या अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर.

आज भारतात साठीला पोचून निवृत्त होणारी पिढी साधारण 1980च्या दशकाच्या शेवटी या कामात आली. 1986 साली राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले होते, आणि 1995 मध्ये ते आंतरराष्ट्रीय विमानतळांच्या संस्थेबरोबर एकत्र होऊन आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण बनले. या पिढीच्या भाषणांत सुरुवात बहुधा बमरौलीपासून होते. अलाहाबादजवळच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजजवळच्या त्या प्रशिक्षण केंद्रात हे सगळे शिकले. मेसचे जेवण, उन्हाळा आणि परीक्षेतले नापास हे किस्से होऊन गेले, की भाषण मुद्द्यावर येते, आणि तो मुद्दा जवळजवळ नेहमी एकच असतो. ऐकणाऱ्यांना वाटत असते की या नोकरीत बोलणे महत्त्वाचे. निवृत्त होणारा सांगतो, की बोलणे सहा महिन्यांत येते, ऐकायला मात्र वर्षे लागतात.

हे कळण्यासाठी आधी रडारशिवायचे नियंत्रण कसे चाले ते पाहावे लागेल, कारण या पिढीने सुरुवात तिथून केली. देशाच्या आणि समुद्राच्या मोठ्या भागावर तेव्हा रडार नव्हते. विमान कुठे आहे हे कळायचे ते वैमानिकाने सांगितले म्हणून. ठरलेल्या बिंदूवरून गेल्यावर तो वेळ, उंची आणि पुढच्या बिंदूवर किती वाजता पोचेन याचा अंदाज कळवायचा. नियंत्रकासमोर उतरता फळा असायचा, त्यात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत बसवलेले कागदाचे लांबट तुकडे. याच त्या फ्लाइट स्ट्रिप. येणाऱ्यांचा रंग वेगळा, जाणाऱ्यांचा वेगळा. एका स्ट्रिपवर एका विमानाचा सगळा संसार: नाव, प्रकार, वेग, मार्ग, बिंदूंच्या अंदाजे वेळा आणि उंची. नवी उंची दिली की ती पेनने लिहायची. वैमानिकाने ती बरोबर परत म्हणून दाखवली की खूण करायची. जुनी उंची सोडल्याचे त्याने कळवले, की मगच जुन्या आकड्यावर काट मारायची, त्याआधी नाही. त्या काटेचा अर्थ असा, की ती उंची आता रिकामी झाली आणि दुसऱ्याला देता येईल.

एकाच वाटेवर, एकाच उंचीवर, एकामागून एक जाणाऱ्या दोन विमानांत साधारण दहा मिनिटांचे अंतर ठेवावे लागे. खाली-वर असतील तर 1,000 फूट, आणि 29,000 फुटांच्या वर त्या काळी 2,000 फूट, कारण विरळ हवेत उंचीमापकांची चूक वाढते. अधिक अचूक उपकरणे आल्यावर, नोव्हेंबर 2003 पासून, भारतात वरच्या थरातही 41,000 फुटांपर्यंत 1,000 फूट पुरेसे ठरले आणि एका झटक्यात मधल्या अनेक उंच्या वापरात आल्या. पण आधीच्या काळात नियंत्रकाला स्ट्रिपवरच्या वेळा वाचून कोण कुणाला कुठे गाठणार हे डोक्यात पाहावे लागे. या डोक्यातल्या नकाशाला नियंत्रक आजही ‘पिक्चर’ म्हणतात. पिक्चर असणे म्हणजे डोळे मिटले तरी प्रत्येक विमान जागच्या जागी दिसणे. ते सुटले की अनुभवी नियंत्रकही दहा सेकंदांत नवशिका होतो, आणि हे भाषणात कबूल करणारे लोक थोडे असले तरी चहाच्या कपाभोवती सगळेच कबूल करतात.

अरबी समुद्रावर तर वैमानिकाचा आवाजही थेट येत नसे. मुंबईच्या नियंत्रणाखालचे आकाश पश्चिमेला मस्कतच्या आणि दक्षिणेला सेशेल्सच्या हद्दीला जाऊन भिडते. तिथे साधा रेडिओ पोचत नाही, लांब पल्ल्याचा एचएफ लागतो, आणि त्यावर इतकी खरखर की शब्दांपेक्षा शब्दांचे अंदाजच जास्त. वेगळा रेडिओ ऑपरेटर ते ऐकून कागदावर उतरवी आणि कागद नियंत्रकाच्या हातात येई. आता बहुतेक विमाने त्या भागात उपग्रहामार्गे लिखित संदेश पाठवतात आणि स्वतःची जागा आपोआप कळवतात. खरखर गेली याचे दुःख कुणालाच नाही.

या सगळ्याचा पाया रीडबॅक. नियंत्रक सांगतो, वैमानिक तेच शब्द परत म्हणतो, आणि नियंत्रक ते ऐकून तपासतो. तिसरी पायरी बाहेरच्या माणसाला दिसत नाही, कारण ती बिनआवाजाची आहे. सगळे बरोबर असेल तर नियंत्रक काहीच बोलत नाही. नेमके म्हणूनच ती पायरी निसटते. सूचना देऊन झालेली असते, पुढचे विमान बोलायला थांबलेले असते, हात स्ट्रिपवर लिहीत असतो, आणि कान तेच ऐकतो जे मनाने आधीच ठरवून ठेवले आहे.

19 फेब्रुवारी 1989 रोजी पहाटे सिंगापूरहून क्वालालंपूरला चाललेल्या फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू बोइंग 747चे काय झाले, हे नियंत्रकांच्या वर्गात म्हणूनच शिकवले जाते. सुबांग विमानतळाच्या नियंत्रकाला ते विमान 2,400 फुटांपर्यंत खाली आणायचे होते. तो म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. त्याच्या मनात ‘टू’ म्हणजे दोन होते, म्हणजे दोन, चार, शून्य, शून्य. वैमानिकाच्या कानाने त्या ‘टू’चा अर्थ ‘पर्यंत’ असा घेतला आणि उरले चार, शून्य, शून्य. त्याने उत्तर दिले, ‘ओके, फोर झीरो झीरो’. म्हणजे 400 फूट. चूक अशी उघडी, सर्वांच्या कानांसमोर आली होती. नियंत्रकाच्या बाजूने काहीच आले नाही, आणि या व्यवहारात गप्प राहणे म्हणजे होकार. विमान खाली येत राहिले. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र कॉकपिटमध्ये ओरडत होते, त्याकडेही लक्ष दिले गेले नाही. 437 फूट उंचीच्या टेकडीवर ते आदळले आणि चौघेही वैमानिक-कर्मचारी ठार झाले.

नियमाप्रमाणे उंची ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ अशी, हजार आणि शंभर हे शब्द वापरून सांगायची असते. नियंत्रकाने आखूड रस्ता घेतला. वैमानिकाने परत म्हणताना नियमाप्रमाणे सगळे म्हटले नाही. दोघांचीही चूक लहान, रोज कुठेतरी होणारी. डोंगर होता म्हणून ती मोठी ठरली.

रेडिओवरची भाषा अशी खडबडीत का, याचे उत्तर अशा घटनांत आहे. इंग्रजी नऊला ‘नाइन’ न म्हणता ‘नायनर’ म्हणायचे, कारण खरखरीत ते ‘फाइव्ह’सारखे ऐकू येते. तीन म्हणजे ‘ट्री’, पाच म्हणजे ‘फाइफ’. ‘टेक-ऑफ’ हा शब्द तर जवळजवळ सोवळ्यातला आहे. उड्डाणाची परवानगी देताना किंवा दिलेली रद्द करतानाच तो तोंडातून काढायचा, एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफच्या धुक्याने भरलेल्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने धडकून 583 माणसे गेली. एका विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगण्यात आला होता, उड्डाणाची परवानगी नव्हे. पण त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. नव्या मुलांना हा सगळा काटेकोरपणा पुस्तकी वाटतो. भाषण करणाऱ्याला तो वाटत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक शब्दामागचा अपघात त्याला पाठ असतो.

मात्र बोलणे बरोबर, ऐकणे बरोबर, रीडबॅकही बरोबर, आणि तरीही अनर्थ, असेही झालेले आहे. भारतातल्या या पिढीच्या भाषणात ती घटना आली नाही असे सहसा होत नाही. 12 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ, पावणेसातच्या सुमारास. दिल्लीहून सौदी अरेबियाचे बोइंग 747 नुकतेच उडाले होते आणि वर चढत होते. समोरून कझाकस्तानचे इल्युशिन-76 दिल्लीत उतरण्यासाठी खाली येत होते. त्या काळी दिल्लीला येणारी आणि जाणारी नागरी विमाने एकाच चिंचोळ्या वाटेने ये-जा करत, कारण आजूबाजूचे बरेचसे आकाश हवाई दलाच्या ताब्यात होते. नियंत्रकाने सौदी विमानाला 14,000 फुटांवर थांबवले आणि आणखी वरच्या परवानगीची वाट पाहायला सांगितले. कझाक विमानाला 15,000 फुटांपर्यंतच उतरायला सांगितले. मध्ये 1,000 फूट, म्हणजे नियमाइतके. शिवाय समोरून जंबो येत आहे, दिसले की कळवा, हेही सांगितले. दोन्हीकडून सूचना मिळाल्याची उत्तरे आली.

नियंत्रकासमोरच्या पडद्यावर तेव्हा होते प्राथमिक रडार. ते लहर सोडते आणि आदळून परत आलेल्या लहरीवरून विमान कोणत्या दिशेला, किती दूर हे दाखवते. उंची दाखवत नाही. उंची कळते दुय्यम रडारवरून, कारण ते विमानातल्या ट्रान्सपॉन्डरला प्रश्न विचारते आणि ट्रान्सपॉन्डर स्वतःच्या उंचीमापकाचा आकडा पाठवतो. तो आकडा त्या संध्याकाळी पडद्यावर नव्हता. दोन ठिपके एकमेकांकडे सरकताना दिसणे हे नियंत्रकाच्या दृष्टीने अपेक्षितच होते, कारण त्याच्या हिशेबात एक वर आणि एक खाली होते. खरे म्हणजे कझाक विमान 15,000 फुटांवर थांबलेच नव्हते. ते उतरत 14,000 च्या आसपास आले होते. ठिपके एकत्र आले आणि नाहीसे झाले. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानांचे अवशेष पडले. 349 माणसे होती, एकही वाचले नाही.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कारण शोधले ते कॉकपिटमध्ये. कझाक विमानात नियंत्रणाशी इंग्रजीत बोलण्याचे काम वैमानिक नव्हे, तर रेडिओ ऑपरेटर करत असे. त्याच्या जागेवर स्वतःचे उंचीमापक नव्हते. आकडा पाहायचा तर वैमानिकांच्या खांद्यांवरून डोकावे लागे. ज्याने सूचना ऐकली त्याच्या हातात विमान नव्हते आणि ज्याच्या हातात विमान होते त्याचे इंग्रजी कच्चे. त्यात त्यांची सवय मीटरची आणि इथले आकाश फुटांचे. अगदी शेवटी उंची चुकल्याचे लक्षात आल्यावर विमान पुन्हा वर घेण्यात आले, आणि तसेच खाली जात राहिले असते तर कदाचित ते सौदी विमानाच्या पोटाखालून निघून गेले असते. त्याच्या शेपटीने जंबोचा डावा पंख कापला.

या घटनेपासून नियंत्रकांनी घेतलेला धडा जरा कडवट आहे. रीडबॅक ऐकून एवढेच कळते, की समोरच्याच्या तोंडून बरोबर आकडा निघाला. त्याच्या हातांनी काय केले ते कळत नाही. तो उरलेला भाग यंत्राने भरावा लागतो, आणि पुढच्या काळात तो भरला गेला. दिल्लीच्या येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. भारतात येणाऱ्या मोठ्या विमानांना टक्कर टाळणारे उपकरण सक्तीचे झाले. हे उपकरण दुसऱ्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरशी बोलून वैमानिकाला थेट ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असे सांगते, आणि त्या क्षणी नियंत्रकाची सूचना उलटी असली तरी वैमानिकाने उपकरणाचे ऐकायचे असते. 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणातल्या वैमानिकांची आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांची इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षाही होते. पडद्यावर आता ठिपक्याशेजारी नाव, वेग, उंची आणि चढ-उताराचा बाण असतो. वैमानिकाला दिलेली उंची आणि त्याने यंत्रात भरलेली उंची वेगळी असेल, तर अनेक ठिकाणी तेही पडद्यावर दिसते. म्हणजे ज्या खोट्या रीडबॅकला कान फसायचे, तो आता डोळ्यांनी पकडता येतो.

मग ऐकण्याचे काम कमी झाले का? मुंबईच्या अप्रोचवर बसून पाहिले तर नाही. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाची एकच. गर्दीच्या तासात तीवर चाळीसहून अधिक विमाने चढतात-उतरतात, आणि वर्दळीच्या दिवशी ही संख्या हजाराच्या घरात जाते. हिशेब असा: उतरणारे विमान शेवटच्या टप्प्यात साधारण 140 नॉट वेगाने येते, म्हणजे मिनिटाला सव्वादोन मैलांहून थोडे अधिक. (हे सागरी मैल, रस्त्यावरच्या मैलापेक्षा थोडे मोठे.) दोन उतरणाऱ्या विमानांत पाच मैल ठेवले तर मध्ये दोन मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. पहिले टेकून धावपट्टीबाहेर पडायला त्यातले पाऊण ते एक मिनिट जाते. उरलेल्या मिनिटाभरात एक विमान धावपट्टीवर येऊन उडाले पाहिजे, आणि तेही मागचे फार जवळ येण्याआधी. अप्रोचच्या नियंत्रकाने पाचाऐवजी चार मैल ठेवले तर मनोऱ्यातल्याला उड्डाण सोडता येत नाही. सहा ठेवले तर ते अर्धे मैल, पाऊण मैल करत तासाला तीन-चार विमाने बुडतात आणि वसई-पालघरच्या आकाशात घिरट्या वाढतात. पुढे बोइंग 777 आणि मागे एअरबस 320 असेल तर मोठ्या विमानाच्या पंखांमागे सुटणाऱ्या भोवऱ्यांसाठी पाच मैल सोडावेच लागतात.

हे अंतर बसवले जाते दिशा आणि वेग सांगून, एका मिनिटात आठ-दहा वाक्यांनी. जुलैतल्या जोराच्या सरीत वैमानिक ढग टाळायला डावीकडे वळू पाहतात, आखलेली रांग विस्कटते, आणि सगळे एकदम बोलू लागतात. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले की चॅनलवर नुसती शिट्टी ऐकू येते. अशा वेळी 246 आणि 264 अशा जवळच्या क्रमांकांची दोन विमाने एकाच चॅनलवर असली, की एकाची सूचना दुसरा उचलतो. अनुभवी कान इथे शब्दांच्या आधी आवाज ओळखतो. 246 चा वैमानिक बाई आहेत आणि रीडबॅक पुरुषाच्या आवाजात आला, एवढ्यावरून चूक पकडल्याचे किस्से नियंत्रक सांगतात. कुणी ‘रॉजर’ म्हणण्याआधी अर्धा सेकंद जास्त थांबला, तर त्याला कळलेले नाही हेही ते ओळखतात. हे कुठल्या पुस्तकात नाही, आणि परीक्षेतही विचारत नाहीत.

सभागृहातल्या भाषणात एक गोष्ट मात्र सहसा येत नाही, ती म्हणजे स्वतःची चूक. दोन विमानांमधले अंतर नियमापेक्षा कमी झाले, मग टक्कर अगदी दूर राहिली तरी, त्याची नोंद होते. नियंत्रकाला जागेवरून उठवतात, टेप ऐकल्या जातात, आणि चौकशी संपून पुन्हा प्रशिक्षण होईपर्यंत त्याला चॅनलवर बसता येत नाही. लांब नोकरीत असा प्रसंग आलाच नाही असा नियंत्रक विरळा. टेपवर स्वतःचा आवाज ऐकणे ही यातली सर्वांत वाईट वेळ, असे सांगतात. चुकीचा रीडबॅक तिथे स्वच्छ, ठणठणीत ऐकू येतो, आणि त्या वेळी तो कसा ऐकू आला नाही याचे उत्तर कुणाकडेच नसते.

शेवटच्या पाळीचा शेवट इतर कोणत्याही पाळीसारखाच होतो. साधारण दोन तास बसल्यावर जागा बदलते. नवा येतो तो आधी मागे उभा राहून दोन-तीन मिनिटे नुसता ऐकतो. मग जाणारा त्याला सांगतो: वारा किती, कोणती धावपट्टी चालू, कोण कोणत्या उंचीवर, कुणाला काय कबूल करून ठेवले आहे आणि कुणाची परवानगी अजून द्यायची आहे. नव्याच्या डोक्यात पिक्चर बसले की तो ‘टेक ओव्हर’ म्हणतो, आणि वही-नोंदीत वेळ लिहिली जाते. जाणाऱ्याने लगेच उठायचे नसते. हस्तांतरानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत चुका जास्त होतात, म्हणून तो हेडसेट न काढता शेजारी बसून ऐकत राहतो. निवृत्त होणाराही तसाच बसतो. एखादे विमान चॅनलवर येते, नमस्कार करते, उंची सांगते. त्याला उत्तर दुसऱ्याच्या आवाजात जाते, वैमानिक ते परत म्हणतो, आणि आता ते तपासणे आपले काम नसूनही तो आकडा जुळवून पाहतो. मग प्लग काढतो.